जिभेच्या कॅन्सरमध्ये मानेची लेव्हल २-बी: काढायची की सोडायची? आणि अ‍ॅक्सेसरी नर्व्ह कुठून शोधायची?

सिंहगड_वारा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात ईएनटीची रेसिडेंट आहे, दुसरं वर्ष. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे एक केस आहे आणि मानेचा वरचा भाग मला करायला देणार असं सरांनी सांगितलंय. म्हणून हा धागा.

पेशंट पन्नाशीतले काका, व्यवसायाने रंगारी. बरीच वर्षं तंबाखू-चुना. जिभेच्या उजव्या कडेला २.६ सेंमीचा व्रण आहे, एमआरआयवर खोली ७ मिमी, म्हणजे टी२. मानेत हाताला काही लागत नाही. सोनोग्राफीत उजव्या बाजूला वरती ८ मिमीची एक लांबट नोड दिसली, पण तिचा हायलम, म्हणजे मधला चरबीचा भाग, शाबूत आहे, म्हणून एन०, म्हणजे मानेत रोग नाही असं धरलंय. प्लॅन असा की जिभेचा तेवढा भाग काढायचा आणि त्याच वेळी उजव्या मानेतल्या लिम्फ नोड्सच्या लेव्हल १ ते ३ साफ करायच्या.

माझे प्रश्न तीन. एक, २-बी काढायचीच का? काका उजव्या हाताने छताला रोलर मारून पोट भरतात, आणि त्याच बाजूची, खांदा उचलणाऱ्या स्नायूला जाणारी अ‍ॅक्सेसरी नर्व्ह आपण हाताळणार. दोन, नर्व्ह नक्की कुठून शोधायला सुरुवात करायची? पुस्तकात दोन-तीन जागा दिल्यात, पण सुरुवातीला कोणती सोपी? तीन, त्या ८ मिमीच्या नोडला एमआरआय रिपोर्टात लेव्हल २-ए लिहिलंय. सरांनी फिल्म बघितली आणि म्हणाले, "ऑपरेशनमध्ये ही २-बीत निघेल." दोघांपैकी बरोबर कोण?

पेठेतला_पेशवा

मी डॉक्टर नाही, तरी एक विचारतो. गाठच नाही लागत हाताला, तर मान उघडायची कशाला? जिभेचं करा, मानेवर लक्ष ठेवा, आली गाठ तर काढा. उगाच माणसाला दोन ठिकाणी कापायचं.

जुना_स्काल्पेल

पेशवे, प्रश्न रास्त आहे आणि बरीच वर्षं डॉक्टरांमध्येही यावर दोन तट होते. मुंबईच्या टाटा मेमोरियलने नेमकं हेच तपासलं. सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर, मानेत गाठ नाही. अर्ध्या पेशंटची मान जिभेबरोबरच साफ केली, अर्ध्यांच्या मानेवर लक्ष ठेवलं आणि गाठ आली तरच काढली. २०१५ साली निकाल छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के लोक हयात होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. थांबणाऱ्यांच्या मानेत गाठ आली तेव्हा बऱ्याच जणांची ती मोठी होती, कवच फोडून बाहेर गेलेली होती. खोली ७ मिमी असेल तर मी तरी थांबणार नाही.

आता सिंहगड, तुझ्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो कळला की पहिले दोन सोपे होतात. तिथे मात्र राखाडी_छटा मॅडमनी बोलावं.

दुसऱ्या_वर्षाचा_बॅचमेट

सीमा दोन्हीकडे एकच आहे ना? अ‍ॅक्सेसरी नर्व्हच्या पुढे २-ए, मागे २-बी. रिपोर्ट चुकला असणार, एवढंच. आणि नर्व्ह शोधायला काही अवघड नाही. आयजेव्ही, म्हणजे मानेतली मोठी शीर, पकडायची, नर्व्ह नेहमी तिच्या वरूनच जाते. शिरेच्या पृष्ठभागावर वर जात राहिलं की सापडते.

राखाडी_छटा

बॅचमेट, रिपोर्ट चुकलेला नाही. सीटी किंवा एमआरआयच्या रोजच्या फिल्मवर मला ती नर्व्ह धड दिसतच नाही, मग तिला सीमा मानून रिपोर्ट लिहिणार कशी? म्हणून आम्ही दिसणारी खूण घेतो, ती म्हणजे आयजेव्ही. १९९९ मध्ये रेडिओलॉजीसाठी जे निकष मांडले गेले त्यात हे स्पष्ट आहे. नोड शिरेच्या पुढे, बाजूला किंवा आतल्या अंगाला असेल तर २-ए. शिरेच्या मागे असून तिला चिकटलेली असेल तरीही २-ए. मागे आहे आणि शीर व नोड यांच्यामध्ये चरबीची रेघ दिसतेय, तरच २-बी.

आता काकांची नोड बघा. मला फिल्म दिसत नाहीये, पण वर्णनावरून अंदाज असा की ती शिरेच्या मागच्या कडेला टेकून, बरीच वरती आहे. माझ्या नियमाने २-ए. पण त्या उंचीला नर्व्ह शिरेवरून तिरपी मागे-खाली निघालेली असते. म्हणजे नोड नर्व्हच्या वर-मागे येते आणि ऑपरेशनमध्ये २-बीच्या चरबीबरोबर निघते. रिपोर्ट बरोबर, सरही बरोबर.

अशीच गंमत लेव्हल १ आणि २ च्या सीमेवर आहे. तुम्ही स्टायलोहायॉइड स्नायू बघता, आम्ही सबमॅन्डिब्युलर ग्रंथीची मागची कड बघतो. त्यामुळे ग्रंथीच्या अगदी मागच्या नोडबद्दल फोनवर वाद घालण्याआधी एकदा एकत्र फिल्म बघावी. नुसत्या लेव्हलच्या आकड्यापेक्षा "शिरेला चिकटून, हायॉइडच्या इतकी वर" असं लिहिलेलं सर्जनला जास्त कामाचं, हे माझं प्रामाणिक मत.

नेहा_कोथरूड

माफ करा, मध्येच विचारते. माझ्या आईच्या सोनोग्राफीत "लेव्हल ५ मध्ये अनेक नोड्स" असं लिहिलंय. रात्रभर झोप नाही. पाचवी लेव्हल म्हणजे शेवटची ना? हातात काही उरलंय का?

जुना_स्काल्पेल

नेहाताई, आधी शांत व्हा. लेव्हल म्हणजे रोगाची पायरी नाही, मानेतली जागा आहे. लेव्हल ५ म्हणजे मानेचा बाजूचा-मागचा भाग, कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणारा. तिथे गाठी असण्याची कारणं अनेक, आणि आपल्याकडे त्यात टीबी वरच्या क्रमांकावर आहे, ज्याला जुनी माणसं गंडमाळ म्हणायची. ताप, वजन घटणं, रात्री घाम असं काही आहे का ते डॉक्टरांना सांगा. डोक्यात कोंडा, जखम, उवा झाल्या होत्या का तेही सांगा. गाठ मोठी किंवा कडक असेल, किंवा काही आठवड्यांत उतरली नाही, तर सुईने तपासणी करून घ्या. रिपोर्ट घेऊन या आठवड्यातच ईएनटीला दाखवा. एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, पण टाळूही नका.

नेहा_कोथरूड

खूप आभार. उद्याच जाते.

जुना_स्काल्पेल

आता बॅचमेटच्या दुसऱ्या वाक्याकडे. "नर्व्ह नेहमी शिरेच्या वरून जाते" हे बहुतेक वेळा खरं आहे, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. डायगॅस्ट्रिकच्या पातळीला बहुसंख्य लोकांत ती शिरेवरून जाते. पण काहींमध्ये ती शिरेच्या खालून येते, आणि क्वचित शिरेला मध्ये फट असते आणि नर्व्ह त्या फटीतून बाहेर पडते. "वरूनच असणार" असं धरून शिरेवरची चरबी झपाझप उचलत गेलं तर खालून येणारी नर्व्ह दिसतच नाही. मग ती शिरेच्या मागून बाहेर पडते तिथे, २-बीची चरबी ओढताना, तिला आपण लिम्फॅटिक पट्टा समजून कापतो. शीर फाटली तर तीही कवटीच्या तळाशी, जिथे टाका घ्यायला जागा नसते.

म्हणून सिंहगड, सुरुवातीला शिरेकडून जाऊ नको. स्नायूकडून जा.

फ्लॅप प्लॅटिस्माखाली उचलून झाला. स्टर्नोमॅस्टॉइडची पुढची कड दिसतेय. ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह आणि एक्स्टर्नल ज्युग्युलर स्नायूवरच राहू दे. आता पुढच्या कडेवरची फॅशिया उघड आणि असिस्टंटला ती आतल्या अंगाला हलक्या, सारख्या ताणाने धरायला सांग, तू स्नायू बाहेरच्या बाजूला धर. स्नायूच्या खालच्या पृष्ठभागावर वळत जा. इथे कडेपासून स्नायूत शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या लागतील, एकेक बायपोलरने घे. वरचा एक तृतीयांश आणि मधला एक तृतीयांश जिथे मिळतात त्या सुमाराला हात सावकाश कर. ऑक्सिपिटल आर्टरीची एक फांदी स्नायूकडे येते, तिच्या अगदी शेजारी नर्व्ह स्नायूत शिरते. ती फांदी दिसली की समज, मुक्काम आला. इथे रक्त येतं आणि घाईत मोनोपोलर लावला जातो. तो लावायचा नाही. दाब दे, पुसून घे, बघ, मग बायपोलर.

नर्व्ह दिसली की तिच्या पाठीवरून वर चढायचं. तिच्यावरची चरबी मॉस्किटोने उचलून, तिच्या लांबीच्या दिशेत उघडत डायगॅस्ट्रिकच्या मागच्या पोटापर्यंत जायचं. डायगॅस्ट्रिकला रेसिडेंटचा मित्र म्हणतात ते इथे पटतं. त्या स्नायूच्या बाहेरच्या बाजूला, फेशियल नर्व्हचा अपवाद सोडला तर, घाबरण्यासारखं फार काही नाही. त्याच्या आत आयजेव्ही, कॅरोटिड, हायपोग्लॉसल, सगळं आलं. रिट्रॅक्टरने डायगॅस्ट्रिक वर धरला आणि बोटाने खोलवर अ‍ॅटलसचा ट्रान्सव्हर्स प्रोसेस चाचपला की नर्व्ह आणि शीर त्याच्या पुढूनच जाताना मिळतात. शिरेशी तिचं नातं काय आहे ते आता, पूर्ण नर्व्ह उघडी असताना ठरतं. आधी गृहीत धरायचं नाही.

सिंहगड_वारा

सर, हे वाचून चित्र डोळ्यांसमोर आलं. नर्व्ह डायगॅस्ट्रिकपर्यंत उघडी झाली. मग २-बीची चरबी कशी काढायची? तिच्या खालून ओढून घ्यायची म्हणतात, तिथे ताण बसत नाही का?

जुना_स्काल्पेल

बसतो, आणि खांद्याचं नुकसान बहुधा तिथेच होतं, कापण्याने नाही. २-बी हा लहानसा कप्पा आहे. वरती डायगॅस्ट्रिक आणि कवटीचा तळ, मागे स्टर्नोमॅस्टॉइड, पुढे-खाली नर्व्ह, आणि तळाला स्प्लीनियस व लेव्हेटर स्कॅप्युली. चरबी आधी वरून आणि मागून सोडवायची, मग तळावरून. तळाच्या स्नायूंवरची फॅशिया स्नायूवरच ठेवायची. ती सोलली की सर्व्हायकल प्लेक्ससच्या फांद्या धोक्यात येतात, आणि ट्रॅपेझियसला सी२ ते सी४ कडूनही काहीसा पुरवठा असतो, त्यामुळे त्यांना जपणं म्हणजे खांद्यालाच जपणं.

तिन्ही बाजू सुटल्या की चरबीचा गोळा सैल होतो. तेव्हाच तो नर्व्हच्या खालून पुढे सरकवायचा, म्हणजे २-एशी जोडलेला राहतो. नर्व्हला लूप घालून कुणालाही धरायला देऊ नको. धरणारा गप्पा मारता मारता ओढत राहतो. हलवायचीच असेल तर बोथट हुकने, क्षणभर. आणि भूल देणाऱ्यांशी आधी बोल. स्नायू शिथिल करणारं औषध उतरलेलं असेल तरच स्टिम्युलेटरने खांदा उडेल, नाहीतर नर्व्ह ठणठणीत असूनही काही हलणार नाही आणि तू उगाच घाबरशील.

मुळाकाठ

मी हेड-नेकचंच काम करतो आणि इथे स्काल्पेल सरांशी जरा वेगळं मत मांडतो. एन० जिभेत २-बी मध्ये रोग सापडण्याचं प्रमाण अगदी थोडं आहे, आणि २-ए साफ असताना फक्त २-बी मध्ये रोग असणं तर विरळाच. ज्या जागेत काही सापडत नाही ती साफ करण्यासाठी रंगाऱ्याच्या खांद्याचा जुगार का खेळायचा? मी २-ए काढतो, टेबलावर बघतो. तिथे काही संशयास्पद असेल तर फ्रोझनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच पॅथॉलॉजीच्या तपासणीला, पाठवतो आणि रोग निघाला तरच वर जातो. ज्यांना आधीच मानेत गाठ आहे त्यांच्यात २-बी काढायलाच हवी, तिथे वाद नाही.

जुना_स्काल्पेल

मुळाकाठ, तुमची बाजू मला मान्य नाही असं नाही. पण दोन अडचणी. फ्रोझनमध्ये सगळ्या नोड्स तपासल्या जात नाहीत, हाताला वेगळी लागते तीच तपासली जाते, आणि लहान ठिपका सुटू शकतो. आणि या केसमध्ये एक ८ मिमीची नोड नर्व्हच्या वर-मागे असल्याचं आधीच दिसतंय. हायलम शाबूत आहे हे खरं, पण ज्या कप्प्यात नोड दिसतेय तोच कप्पा सोडून यायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. नोड दिसत नसती तर कदाचित मी तुमच्यासारखा वागलो असतो.

मुळाकाठ

नोडच्या मुद्द्यावर सहमत. फिल्ममध्ये तिथे नोड असेल तर काढा. पण रेसिडेंटनी "२-बी नेहमीच" हा धडा घेऊ नये एवढंच.

दुसऱ्या_वर्षाचा_बॅचमेट

म्हणजे २-बी सोडली की खांदा सुरक्षित, असं धरायचं का?

खांदेपालट

बॅचमेट, तसं धरू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मानेचं ऑपरेशन झालेले पेशंट बघते. २-बीला हात न लावलेल्यांनाही खांद्याचा त्रास होतो, कारण २-ए साफ करताना नर्व्ह उघडी करावीच लागते. त्रास कमी होतो, संपत नाही. लेव्हल ५ पण काढली असेल तर सगळ्यात जास्त, तिथे नर्व्हची पूर्ण लांबी हाताळली जाते.

आणि डॉक्टर मंडळींना कळकळीची विनंती. वॉर्डमध्ये पेशंटला "खांदे उडवून दाखवा" म्हणता, ते उडवतात, आणि फाइलमध्ये "नर्व्ह ठीक" लिहिलं जातं. खांदा वर उचलायला लेव्हेटर स्कॅप्युली पण असतो, त्याचा पुरवठा वेगळा. ट्रॅपेझियस लुळा असूनही तो बऱ्यापैकी उचलून दाखवतो. हात बाजूने वर न्यायला सांगा. नव्वद अंशांच्या आसपास अडकला, शोल्डर ब्लेडची आतली कड बाहेर आली, खांदा दुसऱ्या बाजूपेक्षा खाली उतरलेला दिसला, तर नर्व्हला मार आहे. समोरून हात वर करायला सांगितलं तर तो जास्त जातो, त्यावर फसू नका.

रुग्ण तक्रार वेगळ्या शब्दांत करतात. "मान दुखते", "पाठीत ओढ बसते", "पीएमटीत दांडी धरता येत नाही", "दोरीवर कपडे टाकता येत नाहीत". नर्व्ह अखंड असेल तर ताणाचा मार बहुतेकदा काही महिन्यांत भरून येतो, कधी वर्ष लागतं. पण त्या काळात हात हलवला नाही तर खांद्याचा सांधा आखडतो, आणि नर्व्ह परत आली तरी हात वर जात नाही. म्हणून ड्रेन निघाला, टाके ठीक आहेत असं सर्जननी सांगितलं की आधार देऊन हालचाल सुरू. आडवं झोपवून, हाताचं वजन काढून. जड बादली, गॅस सिलिंडर मात्र नाही.

पेठेतला_पेशवा

ताई, माझ्या मेव्हण्याचं नेमकं असंच झालं होतं, गणपतीत ढोल कमरेला बांधायचा पण डावा हात वर जाईना. घरच्यांना वाटलं ऑपरेशनने अशक्तपणा आलाय, खायला घालत होते. फिजिओकडे फार उशिरा पाठवलं.

खांदेपालट

पेशवे, आता किती उघडतोय हात? एकदा दाखवायला सांगा. सांधा आखडला असेल तर त्यावरही काम करता येतं, नर्व्हचा भाग वेगळा.

गुलाबी_काच

पॅथॉलॉजीतून एक मागणी. मानेचा तुकडा एका डब्यात, एका चिठ्ठीवर "उजवी मान" असं लिहून येतो. फॉर्मॅलिनमध्ये गेल्यावर तो आक्रसतो, आणि वर-खाली, पुढे-मागे काही कळत नाही. मग मी लिहिते "इतक्यांपैकी इतक्या", पण कोणत्या लेव्हलला ते लिहू शकत नाही. २-बीवरचा तुमचा वर चाललेला सगळा वाद माझ्या टेबलावर येईपर्यंत मिटलेला असतो, कारण २-बी कुठली तेच माहीत नसतं.

टेबलावरच, तुकडा ताजा असताना, सर्जनने स्वतः लेव्हल वेगळ्या कराव्यात. १-ए, १-बी, २-ए, २-बी, ३, असे वेगळे डबे. सबमॅन्डिब्युलर ग्रंथी १-बीबरोबर राहू दे. हायॉइडच्या खालच्या कडेला आणि जिथे ओमोहायॉइड शीर ओलांडतो तिथे टाक्याने खूण केलीत तर ३ ची हद्दही कळते. आणि मोजणी: १८ पेक्षा कमी नोड्स निघाल्या तर मी परत चरबी चाळते, कारण तेवढ्या तरी निघाव्यात अशी अपेक्षा धरलेली आहे.

मुळाकाठ

काच मॅडमना शंभर टक्के पाठिंबा. आमच्या इथे हे रेसिडेंटचंच काम ठरवून दिलंय. दिव्याखाली, ट्रेमध्ये, सगळा तुकडा मानेच्या दिशेने ठेवून. लेव्हल्सची अ‍ॅनाटॉमी तिथे पक्की होते.

एक उपप्रश्न, सिंहगड. जीभ आहे तर ४ चा विचार केलात का? जिभेच्या कॅन्सरला मधल्या लेव्हल्स ओलांडून खाली उडी मारायची सवय असते, म्हणून काही जण ३ च्या पुढे ४ चा वरचा भागही घेतात.

सिंहगड_वारा

सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, ३ साफ करताना ओमोहायॉइड खाली ओढून त्याच्या खालची चरबी बघायची, हाताला काही लागलं तरच ४ घ्यायची.

जुना_स्काल्पेल

माझंही तसंच. पण यावर एकमत नाही, कुणी सरसकट ४ घेतं आणि त्यांच्याकडेही कारणं आहेत. तू सरांच्या मताने जा.

राखाडी_छटा

बाजूला एक विषय निघालाच आहे तर. १९०६ साली क्राइलने मानेचं जे ऑपरेशन मांडलं त्यात नर्व्ह, शीर आणि स्टर्नोमॅस्टॉइड तिन्ही जायचं. आम्ही जुन्या पेशंटच्या सीटीत ते बघतो, एका बाजूला शीरच नाही, ट्रॅपेझियस पातळ पट्टी झालेला. आता दोन कप्प्यांची सीमा ठरवायला जी नर्व्ह वापरता, तीच तेव्हा तुकड्याबरोबर बादलीत जायची.

दुसऱ्या_वर्षाचा_बॅचमेट

सिंहगड, तुझ्या केसला मी असिस्ट करायला येऊ का? रिट्रॅक्टर धरेन, लूप धरणार नाही.

सिंहगड_वारा

ये. डायगॅस्ट्रिकचा रिट्रॅक्टर तुझा.

सिंहगड_वारा

केस झाली, रिपोर्टही आला, म्हणून धागा वर आणते.

स्नायूकडूनच गेले. ऑक्सिपिटलची फांदी लागली, थोडं रक्त आलं, दाबून पुसलं आणि अगदी शेजारी नर्व्ह होती. वर उघडत गेलो तर डायगॅस्ट्रिकच्या खाली ती शिरेच्या मागून येत होती, पुढून नाही. बॅचमेटने स्वतः बघितलं. ८ मिमीची नोड खरोखर नर्व्हच्या वर-मागे होती, शिरेला टेकलेली. राखाडी_छटा मॅडमचा अंदाज बरोबर निघाला. २-बी तिन्ही बाजूंनी सोडवून खालून पुढे घेतली. शेवटी स्टिम्युलेटरने खांदा उडाला.

डबे पाच पाठवले. एकूण ३४ नोड्स. २-बीच्या डब्यात ७, सगळ्या साफ, ती ८ मिमीचीसुद्धा. पण २-एमध्ये एका नोडमध्ये ६ मिमीचा रोग निघाला, कवच फोडलेलं नाही. म्हणजे एन०चे एन१ झाले. जिभेच्या कडा साफ, खोली ६ मिमी, नर्व्हभोवती किंवा रक्तवाहिनीत काही नाही.

दुसऱ्या_वर्षाचा_बॅचमेट

म्हणजे मुळाकाठ सर बरोबर ठरले? २-बी साफच होती.

मुळाकाठ

एका केसवरून कुणी बरोबर ठरत नाही. उलट इथे माझी पद्धत कोंडीत सापडली असती. २-एमधली ती रोगट नोड टेबलावर हाताला वेगळी लागली होती का?

सिंहगड_वारा

नाही सर. मऊ होती, बाकीच्यांसारखीच.

मुळाकाठ

मग मी ती फ्रोझनला पाठवली नसती आणि २-बी सोडून आलो असतो. आठवड्याने २-ए रोगट असल्याचा रिपोर्ट हातात, आणि वर न काढलेला कप्पा. अशा वेळी पुन्हा मान उघडायची की रेडिएशनने तो भाग झाकायचा, हा प्रश्न पडला असता. तरीही पुढच्या एन० जिभेत, २-बीत फिल्मवर नोड नसेल, तर मी सरसकट वर जाईन असं मात्र नाही.

जुना_स्काल्पेल

पुढे काय ठरलं? एकच नोड, कवच शाबूत, कडा साफ. काही ठिकाणी रेडिएशन देतील, काही ठिकाणी फक्त लक्ष ठेवतील.

सिंहगड_वारा

ट्यूमर बोर्डात दोन्ही मतं निघाली. काकांशी आणि त्यांच्या मुलाशी बोलून पुढच्या आठवड्यात ठरेल.

खांदेपालट

आणि खांदा?

सिंहगड_वारा

हात बाजूने नव्वदच्या थोडा आधी थांबतो. खांदे उडवताना मात्र दोन्ही बाजू सारख्या दिसतात, तुम्ही सांगितलं होतं तसंच. म्हणून फाइलमध्ये "नर्व्ह ठीक" लिहिलं नाही, अंश लिहिले. काका विचारत होते की दिवाळीच्या आधीची रंगाची कामं घेऊ का.

खांदेपालट

छताची नको. कंबरेच्या उंचीची, डाव्या हाताने, दुखेल तिथे थांबून चालतील. रेडिएशन ठरलं तर ते सुरू व्हायच्या आधीच व्यायाम बसवून घ्या, त्यात मान आणि खांदा आणखी आखडतो. दर भेटीला तोच कोन त्याच पद्धतीने मोजा, उभं राहून, तळवा पुढे ठेवून. तीन महिन्यांत अजिबात फरक नसेल तर ईएमजी करून बघा.